लाडू कधी देणार?

मराठीत थट्टेसाठी शब्दांची वाण नाही. थट्टा, मस्करी, चेष्टा, टवाळी, कुचेष्टा, टर उडवणे, खिल्ली उडवणे. हे सारे समानार्थी शब्द आहेत असे शाळेत आपल्याला शिकवले जाते. पण मला ते एकाच जिन्याच्या पायऱ्यांसारखे वाटतात. या जिन्याची गंमत अशी की वरून खाली उतरताना बोलणाऱ्याला उतार जाणवत नाही. त्याचे वाक्य तेच असते, हसणेही तेच असते. पायरी बदलल्याचे कळते ते फक्त ऐकणाऱ्याला, आणि तो बहुधा ते सांगत नाही.

अविवाहित मित्राची लग्नावरून थट्टा हा तर आपल्याकडे जवळजवळ रिवाजच आहे. ‘लाडू कधी देणार?’, ‘दोनाचे चार कधी होणार?’, ‘बार कधी उडवणार?’ असे प्रश्न आपण इतक्या सहजपणे विचारतो की त्यांना उत्तर अपेक्षित आहे हेही विसरून जातो. हा रिवाज मुळात वाईट नव्हता. जुन्या मराठी घरांत थट्टेला जागा ठरवून दिलेली होती. दिराने भावजयीची थट्टा करावी, मेहुणीने नवऱ्या मुलाची करावी, विहिणींनी एकमेकींना टोमणे मारावेत, हे सारे मान्य होते. मामाच्या मुलीशी लग्न होऊ शकत असल्यामुळे आतेभावाला तिच्या नावाने चिडवणे हाही घराघरातला खेळ होता. इरावती कर्वे यांनी 1953 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आप्तसंबंधांवरील इंग्रजी ग्रंथात महाराष्ट्रातील या मामेबहिणीशी होणाऱ्या लग्नाची नोंद केली आहे. रॅडक्लिफ-ब्राउन या इंग्रज मानववंशशास्त्रज्ञाने त्याआधी, 1940 साली, ‘थट्टेची नाती’ म्हटल्या जाणाऱ्या जगभरच्या अशा नात्यांवर निबंध लिहिला होता. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की काही नात्यांत चिडवण्याची समाजानेच मुभा दिलेली असते आणि दुसऱ्याने राग मानू नये अशीही समाजाचीच अपेक्षा असते.

मला या जुन्या व्यवस्थेत तीन गोष्टी दिसतात. कोणी कोणाला चिडवावे हे ठरलेले होते. केव्हा चिडवावे हेही ठरलेले होते: हळदीला, वरातीला, सुनेने नाव घेताना. आणि तिसरी गोष्ट म्हणजे उलट उत्तर देण्याची सोय होती. नाव घ्यायला लावणाऱ्या नणंदेलाच उखाण्यातून चिमटा काढणाऱ्या सुना आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. हळद उतरली की थट्टाही उतरत असे. आपल्या मराठी ख्रिस्ती लग्नांतही पाद्रीबाबांच्या डोळ्यांदेखत हा खेळ चालत आला आहे, आणि त्यांनी तो कौतुकानेच पाहिला आहे.

पुढे जे सांगायचे आहे ते चाकणचे आहे, आणि तेथे या तिन्ही गोष्टी नव्हत्या.

पिंपरी-चिंचवडला कामगारांची वस्ती नवी नाही. 1950 च्या दशकात हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला तेव्हापासून आपली माणसे नगरहून, मराठवाड्यातून येथे येत राहिली. पण त्या पिढीला कंपनीची वसाहत मिळाली, सोसायटीतले घर मिळाले आणि गावाकडून आई-वडिलांना आणता आले. चाकणचा पट्टा नव्या शतकात फोफावला, आणि तेथे आलेल्या पोरांना मिळाल्या त्या खोल्या. खराबवाडी, नाणेकरवाडी, मेदनकरवाडी या गावांतील शेतकऱ्यांनी बांधलेल्या चाळीत एकेका खोलीत पाच-सहा जण राहत. तिघे पहिल्या पाळीला गेले की रात्रपाळीचे दोघे त्यांच्याच गाद्यांवर झोपत. घरातली वडील माणसे शंभर-दोनशे किलोमीटर दूर असत. अशा खोलीत मित्र हेच भाऊ, मित्र हेच मेहुणे आणि मित्र हेच विहिणी. सगळ्या नात्यांची थट्टा एकाच माणसाने एकाच माणसाची करायची, आणि तीही वर्षभर. हळद उतरायचीच नाही, कारण ती लागलेलीच नसे.

2012 साली मी अशाच एका खोलीत राहत होतो. आम्ही सहा जण होतो. त्यांतले चौघे आपले, दोघे हिंदू. त्या वर्षी माझे लग्न ठरले होते आणि जानेवारीतली तारीखही निघाली होती. माझ्या शेजारच्या गादीवर जालना जिल्ह्यातला एक मित्र होता. तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, म्हणजे एकोणतीस वर्षांचा होता. आयटीआय झालेला, सीएनसी मशीनवर काम करणारा, अबोल पण हसरा. ‘लाडू कधी?’ हा प्रश्न आम्हा दोघांनाही एकाच दिवसात चार-चार वेळा विचारला जाई. मला तो ऐकताना गुदगुल्या होत. मी म्हणे, ‘लाडू काय, केकही देतो, आधी खोलीचे भाडे तर द्या!’ आणि सगळे हसत. तोच प्रश्न, तीच माणसे, तीच वेळ. पण माझ्याकडे उत्तर होते, त्याच्याकडे नव्हते. थट्टा आणि जाच यांतला फरक मला जेवढा म्हणून कळला तो या शेजारी-शेजारी घातलेल्या दोन गाद्यांवर कळला.

त्याच्याकडे उत्तर का नव्हते, हे खोलीत कोणाला ठाऊक नव्हते. त्या वर्षी मराठवाड्यात भीषण दुष्काळ पडला होता, आणि जालन्याची मोसंबी ज्यांना माहीत आहे त्यांना त्या दुष्काळाचा अर्थ सांगायला नको. मोसंबीची बाग ही एका हंगामाची गोष्ट नसते. झाडाला फळ यायला चार-पाच वर्षे लागतात, आणि पाण्यावाचून ते वाळले की पेरणी पुन्हा करावी तसे काही करता येत नाही. त्याच्या वडिलांनी टँकरने पाणी विकत घेऊन बाग जगवण्याचा प्रयत्न केला आणि त्यात बाग गेली ती गेलीच, वर कर्जही झाले. दोन बहिणी शिकत होत्या. धाकटी नर्सिंगला होती. याच्या हातात महिन्याला सात-साडेसात हजार रुपये पडत, त्यांतले चार हजार गावी जात. त्यातून नोकरी कंत्राटदाराची. वर्षात दोनशे चाळीस दिवस भरले तर कायम करण्याचा हक्क लागू होतो, हा हिशेब त्या काळी पट्ट्यातल्या प्रत्येक पोराला पाठ असे. आणि सात महिने झाले की ‘ब्रेक’ देऊन घरी बसवण्याची रीतही तितकीच पाठ असे. मुलीकडची माणसे पहिला प्रश्न विचारत तो पगाराचा नव्हे. ‘पर्मनंट आहे का?’ हा पहिला प्रश्न. त्याला दोन ठिकाणी या एका प्रश्नावरून नकार आला होता, हे मला पुष्कळ नंतर कळले.

थट्टा कशी उतरत गेली ते क्रमाने सांगतो. आधी नुसताच प्रश्न होता. पावसाळ्यात कधीतरी त्याला नाव पडले, ‘फादर’. आपल्यापैकीच कोणीतरी ते दिले. ‘तुझे लग्न होत नाही, म्हणजे तुला पाचारण आहे’ असा त्यातला विनोद. हिंदू मित्रांना तो समजावून सांगावा लागला, आणि समजल्यावर त्यांना तो अधिकच आवडला. टोपणनावाची गोष्ट अशी असते की थट्टा करायला मग वेगळे वाक्य लागत नाही. हाक मारली की थट्टा झाली. ‘फादर, पाणी भरले का?’ ‘फादर, बस चुकेल!’ दिवसातून वीस वेळा. बसमधल्या, कँटीनमधल्या, ज्यांना त्याचे खरे नावही ठाऊक नव्हते अशा माणसांनी ती हाक उचलली. जुन्या घरात कोणी चिडवावे हे ठरलेले होते असे वर म्हटले, ते येथे मोडले.

दुसरी पायरी अधिक वाईट होती, कारण तिच्यात तिसरे माणूस ओढले गेले. त्याच्या कारखान्यात तपासणी विभागात एक मुलगी होती. ती आपल्या समाजाचीही नव्हती. तिने एकदा त्याला ड्रॉइंगमधले काही विचारले, एवढेच निमित्त. त्या दिवसापासून ती बसमध्ये चढली की मागच्या बाकावरून खोकल्याचा आवाज येऊ लागला. कोणी तिचे नाव घेत नसे. नाव न घेता चिडवणे हीच तर अशा थट्टेची खुबी. तिने आठवड्याभरात बस बदलली, आणि त्यासाठी तिला आंबेठाण चौकापर्यंत पहाटे अंधारात चालत यावे लागे. त्या मुलीला यात कोणी काही विचारले नव्हते. तरुणाची मस्करी करताना एका तरुणीच्या नावाशी खेळ होतो, आणि त्याची किंमत तिलाच जास्त पडते, याचा विचार मागच्या बाकावर क्वचितच होतो.

तिसरी पायरी ऑक्टोबरात आली. माझ्या लग्नाची सूचना चर्चमध्ये मिस्सानंतर वाचली जाणार होती, त्यावरून एकाला कल्पना सुचली. त्याच्या वाढदिवसाच्या संध्याकाळी केक कापल्यावर गादीवर उभे राहून, खांद्यावर चादर घेऊन, त्याने पाद्रीबाबांच्या आवाजात सूचना वाचली. वराचे नाव, वराच्या वडिलांचे नाव, गाव सगळे बरोबर. वधूच्या जागी मात्र ‘कोरी जागा’. ‘या जागेसाठी कोणाला काही हरकत असल्यास त्याने आताच कळवावे.’ खोली हसून लोळली. तोही हसला. मी त्याच्याकडे पाहत होतो म्हणून मला दिसले की वाक्य संपण्याच्या आधीच तो हसला होता. विनोद अजून झालाच नव्हता.

या गोष्टीवर मी थोडा थांबतो, कारण थट्टा कोठे टोचू लागली हे ओळखायचे कसे, असे मला कोणी विचारले तर मी हीच खूण सांगेन. ज्याला मजा वाटते तो विनोद ऐकून हसतो. ज्याला तो सोसायचा आहे, तो आधीच हसून मोकळा होतो, वार चुकवण्यासाठी हात वर करावा तसा. दुसरी खूण उत्तरांची. आधी तो काहीतरी उलट बोलायचा, मलाही चिमटा काढायचा. मग त्याचे उत्तर एकच झाले, ‘बघू, देवाची इच्छा’, आणि ते नेहमी त्याच सुरात येऊ लागले. तिसरी खूण वेळापत्रकात दिसते, तोंडावर नाही. आपल्याकडे अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, त्यामुळे रविवारची मिस्सा गाठायची तर पाळी पाहून जावे लागते. आम्ही दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात सकाळच्या मराठी मिस्सेला मिळून जात असू. तो आता सर्वांत लवकरच्या इंग्रजी मिस्सेला एकटा जाऊ लागला. इंग्रजी त्याला फारसे येत नव्हते. पण त्या मिस्सेनंतर आवारात चहासाठी कोणी थांबत नसे, आणि ‘बाळा, अजून किती दिवस?’ असे विचारणाऱ्या मावश्याही तेथे नसत.

मावश्यांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. खोलीतली थट्टा आणि आवारातली काळजी यांत मुलांना फारसा फरक वाटत नाही. आपल्या धर्मग्रामातल्या तिशी ओलांडलेल्या मुलींना विचारून पाहावे. त्यांच्या वाट्याला थट्टा कमी येते, काळजीच अधिक येते, आणि काळजीला तर हसून उत्तर देण्याचीही सोय नसते.

नोव्हेंबरात तो गावी गेला आणि चार दिवसांनी परतला तो लग्न ठरवून. मुलगी नात्यातल्या कोणी सुचवलेली होती. त्याने तिला एकदाच, अर्धा तास, इतरांच्या देखत पाहिले होते. खोलीत जल्लोष झाला. ‘फादर’ हे नाव एका रात्रीत गेले. मी त्याला विचारले, मुलगी कशी आहे? तो म्हणाला, ‘चांगली असेल.’ मग थोड्या वेळाने, दिवा मालवल्यावर म्हणाला, ‘एकदाचे सुटलो, रे.’

त्याचे पुढचे सारे येथून व्हायचे होते, कारण तो आता आमच्या धर्मग्रामात नोंदलेला होता. लग्नापूर्वी पाद्रीबाबा वधू-वरांची वेगवेगळी चौकशी करतात, हे वाचकांना माहीतच आहे. आपल्यातले पुष्कळ जण तिला कागदपत्रांची बाब समजतात: बाप्तिस्म्याचा दाखला, दृढीकरण, नाव, गाव, सही. वास्तविक त्या चौकशीचा गाभा वेगळा आहे. ही दोघे आपल्या मनाने येत आहेत की कोणाच्या दडपणाने, हे त्यात पाहायचे असते. विवाहविधीतही संमतीपूर्वी पहिला प्रश्न हाच असतो. ख्रिस्तसभेची 1983 सालची कायदेसंहिता कलम 219 मध्ये सांगते की आपल्या जीवनाचा मार्ग निवडताना कोणत्याही सक्तीपासून मुक्त राहण्याचा प्रत्येक श्रद्धावंताला हक्क आहे. लग्न, संन्यस्त जीवन, एकटे राहणे, यांत ती भेद करत नाही. आणि कलम 1103 तर म्हणते की बळजबरीने किंवा बाहेरून आलेल्या गंभीर भयामुळे, त्यातून सुटण्यासाठी म्हणून माणसाला लग्नच पत्करावे लागले, तर तो विवाह ग्राह्य नाही; मग ते भय घालणाऱ्याचा तसा हेतू नसला तरीही.

हेतू नसला तरीही, हे शब्द मला फार महत्त्वाचे वाटतात. ‘आम्ही तर गंमत करत होतो’ हे थट्टा करणाऱ्याचे नेहमीचे आणि बहुधा खरेच असणारे उत्तर असते. संहिता त्या उत्तराशी वाद घालत नाही. ती पाहते दुसऱ्या बाजूला, ज्याच्यावर परिणाम झाला त्याच्याकडे. अर्थात येथे तारतम्य हवे. चार मित्रांच्या चेष्टेला कोणतेही धर्मन्यायालय गंभीर भय म्हणणार नाही, आणि म्हणूही नये. तेथे मारहाण, घराबाहेर काढण्याची धमकी, आई-वडिलांचा टोकाचा धाक अशा गोष्टींचा विचार होतो. तेव्हा थट्टेमुळे लग्न रद्द ठरते असा अर्थ कोणी काढू नये. परंतु कायदा जेथे थांबतो त्याच्या बराच आधी पाद्रीबाबांचे काम सुरू होते.

आमचे पाद्रीबाबा वयस्कर होते आणि कमी बोलत. त्यांनी त्याला कार्यालयात बसवून कागद भरून घेतले आणि मग विचारले, ‘हे लग्न आत्ताच का करतोस?’ हा प्रश्न छापील कागदावर नसतो. त्याला उत्तर आले नाही. पाद्रीबाबांनी पेन खाली ठेवले आणि ते थांबले. त्यानेच मला पुढे सांगितले की तो पाच-सात मिनिटे गप्प होता आणि पाद्रीबाबाही गप्प होते, आणि बाहेर कोणीतरी घंटेचा दोर बदलत होते. मग तो बागेविषयी बोलला, कर्जाविषयी बोलला, ब्रेकविषयी बोलला. मुलीविषयी त्याच्याकडे बोलण्यासारखे काही नव्हते. पाद्रीबाबांनी लग्नाला नकार दिला नाही. तो त्यांचा अधिकारही नव्हता. त्यांनी एवढेच सुचवले की तारीख सहा महिने पुढे न्यावी, दरम्यान दोघांनी विवाहपूर्व शिबिर करावे आणि मुलीला सगळा आर्थिक हिशेब मोकळेपणाने सांगावा. त्याने तो सांगितला. दोन महिन्यांनी मुलीकडून नम्रपणे नकार आला. तिलाही घरून घाई केली गेली होती, असे मागाहून कळले.

खोलीला हे सारे कळले तेव्हा शांतता पसरली, आणि दोन दिवसांनी एकाने सवयीने ‘फादर’ म्हणून हाक मारलीच. आम्ही तेव्हा मेसमध्ये जेवत होतो. मेसच्या मावशी बार्शीकडच्या, विधवा, दोन मुलांना वाढवणाऱ्या. त्या भाकरी वाढता वाढता त्या मुलाला म्हणाल्या, ‘दादा, त्याला पोरगी तू बघितलीस का? नाही ना? त्याच्या बापाचं कर्ज तू फेडणार का? नाही ना? मग त्याच्या लग्नाचं तुला काय पडलंय, जेव की गप.’ मावशींचा आवाज चढलेला नव्हता. त्यांनी त्याच्या ताटात भाकरी वाढली आणि पुढच्या पंगतीकडे वळल्या. मुलगा लाल झाला. पण वाईट नव्हता. त्याने त्यानंतर त्याला नावानेच हाक मारली, आणि एकाने सोडल्यावर बाकीच्यांनाही ती हाक चालवता येईना. बसमध्ये मात्र ती आणखी वर्षभर चालली, कारण बसमध्ये मावशी नव्हत्या.

मी जानेवारीत लग्न करून मोशीला राहायला गेलो. माझ्या लग्नात त्याने वाढप्याचे काम केले आणि मला लाडवांवरून मनसोक्त चिडवून घेतले. त्या दिवशी हळद खरोखरच लागलेली होती, आणि चिडवण्याची पाळीही त्याची होती.

तो पुढे भोसरीतल्या एका लहान वर्कशॉपमध्ये कायम झाला. धाकटी बहीण नर्स होऊन नोकरीला लागली, थोरलीचे लग्न झाले, कर्ज फिटायला 2019 साल उजाडले. आज तो चाळिशी ओलांडलेला आहे आणि अविवाहित आहे. हे त्याने ठरवले की तसे होऊन गेले, हे मी त्याला विचारलेले नाही. त्याला सांगावेसे वाटले तर तो सांगेल. दर दोन-तीन महिन्यांनी तो आमच्याकडे जेवायला येतो. गेल्या पावसाळ्यात त्याने वडिलांच्या जमिनीत दीडशे मोसंबीची कलमे लावली आणि ठिबकची नळी टाकली. आल्यावर तो त्यांच्याविषयी बोलत राहतो: किती जगली, किती बदलावी लागली, विहिरीला मार्चपर्यंत पाणी पुरेल का. माझा मुलगा त्याला विचारतो, ‘काका, मोसंबी कधी देणार?’ आणि तो बोटे मोजून सांगतो, अजून चार वर्षे.